शेवटचा तुकडा सापडेपर्यंत: फॅट आणि साखळीचा प्रवास

हवामान नोंदवणारं एक छोटं यंत्र डोळ्यांसमोर आणा. शेताच्या बांधावर खांब, त्यावर सौर पॅनेल आणि डब्यात एक मायक्रोकंट्रोलर. दर सेकंदाला तापमान, दमटपणा आणि वाऱ्याचा वेग मिळून 40 बाइटची एक ओळ तयार होते आणि 32 जीबीच्या मेमरी कार्डावरच्या एकाच फाईलच्या शेवटी जाऊन बसते. बॅटरी अचानक गेली तर लिहिलेलं वाया जाऊ नये, म्हणून यंत्र दर वेळी फाईल उघडतं, ओळ लिहितं आणि फाईल बंद करतं. त्याच डब्यातला कॅमेरा दर साडेतेरा मिनिटांनी साधारण 640 केबीचा फोटो काढून त्याच कार्डावर ठेवतो.

पहिला महिना काही तक्रार नाही. दोन महिने होत आले की मधल्या ओळी गायब व्हायला लागतात. आधी एखादी, मग एकाआड एक. सेन्सर ठीक, बॅटरी ठीक, कार्डावर जागा भरपूर. कार्ड संगणकाला लावून बघितलं तर तेही धडधाकट. मग बिघाड कुठे आहे? बिघाड नाहीच. कार्डावर फाईलचे तुकडे शोधण्याची जी पद्धत आहे, तिचा हा स्वभाव आहे.

कार्ड फॉरमॅट करताना पडद्यावर FAT32 असं दिसतं. त्यातलं फॅट म्हणजे फाईल अ‍ॅलोकेशन टेबल, कोणत्या फाईलचा कोणता तुकडा कुठे आहे ते सांगणारा तक्ता. कार्डावरची जागा सारख्या आकाराच्या क्लस्टरांमध्ये वाटलेली असते. आपल्या कार्डावर एक क्लस्टर 32 केबीचं धरू. फाईल मोठी असेल तर तिला अनेक क्लस्टर लागतात, आणि ते शेजारी शेजारीच मिळतील याची खात्री नसते. जिथे रिकामं दिसेल तिथे पुढचा तुकडा जातो.

वर्तमानपत्र वाचणाऱ्याला ही व्यवस्था नवी नाही. पहिल्या पानावरची बातमी अर्धी झाली की खाली लिहिलेलं असतं, ‘पान 9 वर’. नवव्या पानावर गेलात की तिथून आणखी कुठे. फार जुनी आणि साधी पद्धत अशी होती की पुढच्या तुकड्याचा नंबर त्या तुकड्यातच शेवटी लिहून ठेवायचा. त्यात अडचण अशी की शंभरावा तुकडा हवा असेल तर आधीचे सगळे तुकडे डिस्कवरून उचलावे लागतात, फक्त त्यांच्या शेवटी लिहिलेला नंबर बघण्यासाठी.

फॅटने हे सगळे ‘पान अमुक वर’ एका जागी गोळा केले. तक्त्यात प्रत्येक क्लस्टरसाठी एक खाना. त्या खान्यात लिहिलेलं असतं, या क्लस्टरनंतर कोणता. फाईलचं नाव, आकार आणि पहिल्या क्लस्टरचा नंबर फोल्डरच्या यादीत असतो, बाकी सारं तक्त्यात. एक लहान फाईल घेऊ. या उदाहरणापुरतं क्लस्टर 4 केबीचं, म्हणजे 4096 बाइटचं. यादी सांगते की फाईल 5 नंबरवर सुरू होते, आणि तक्त्यात हे दिसतं:

```
5  -> 9
6  -> शेवट
9  -> 10
10 -> 17
17 -> 6
```

म्हणजे फाईलचा क्रम 5, 9, 10, 17, 6 असा. सहा नंबर जागेने पाचच्या शेजारी असला तरी फाईलमध्ये तो सगळ्यांत शेवटी येतो. आता मला या फाईलमधला 13000 वा बाइट हवा आहे. 13000 ला 4096 ने भागलं की भागाकार 3 आणि बाकी 712. म्हणजे सुरुवातीच्या क्लस्टरपासून तीन उड्या मारून जे क्लस्टर येईल, त्यात 712 बाइट आत. उड्या मारू: 5 वरून 9, 9 वरून 10, 10 वरून 17. बाइट 17 व्या क्लस्टरमध्ये आहे.

इथे जरा थांबू या. भागाकार करून कितवं क्लस्टर हवं ते एका क्षणात कळलं. पण त्या क्लस्टरचा नंबर 17 आहे हे मात्र तीन खाने वाचल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता. तीनाच्या जागी तीस हजार असते तर तीस हजार खाने वाचावे लागले असते. साखळीत मधेच शिरता येत नाही. आणि ती एकाच दिशेची आहे: 17 च्या आधी कोण, हे 17 चा खाना सांगत नाही. एक पाऊल मागे यायचं तरी पुन्हा 5 पासून निघावं लागतं.

फॅटची ही आखणी करणाऱ्यांनी निष्काळजीपणा केला असं मला मुळीच वाटत नाही. मायक्रोसॉफ्टमध्ये मार्क मॅकडोनाल्ड यांनी 1977 मध्ये याचं पहिलं रूप लिहिलं आणि पुढे टिम पॅटर्सन यांनी ती कल्पना आपल्या 86-DOS या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये घेतली. त्यातूनच MS-DOS आलं. 1981 च्या आयबीएम पीसीची फ्लॉपी 160 केबीची होती. तिच्यावर फाईलींसाठी 313 क्लस्टर, आणि तक्त्यातला एक खाना दीड बाइटचा. अख्खा तक्ता साधारण 470 बाइटांत संपायचा, म्हणजे फ्लॉपीच्या 512 बाइटच्या एका सेक्टरमध्ये, एका वेळी वाचता येणाऱ्या सगळ्यांत लहान तुकड्यात, मावायचा. एकदा वाचून मेमरीत ठेवला की संपलं. साखळी जास्तीत जास्त 313 कड्यांची, आणि त्या सगळ्या मेमरीतच चालायच्या. त्या मापाला ही रचना अगदी नेमकी बसते, आणि इतकी सोपी आहे की आजही हजारो प्रकारच्या यंत्रांना ती वाचता येते.

बदललं ते माप. 32 जीबीच्या कार्डावर 32 केबीची क्लस्टर म्हणजे दहा लाखांच्या आसपास खाने. FAT32 मध्ये एक खाना चार बाइटचा, म्हणजे तक्ता 4 एमबीचा. लॅपटॉपला 4 एमबी काहीच नाही, तो तक्ता सहज मेमरीत ठेवतो आणि मेमरीतल्या लाख उड्याही डोळ्याला जाणवत नाहीत. पण आपल्या खांबावरच्या यंत्राची सगळी मेमरी काही केबींची. ते तक्त्याचा एका वेळी एकच सेक्टर, म्हणजे 128 खाने, हाताशी ठेवू शकतं. पुढचा खाना त्या 128 मध्ये नसला की कार्डाकडे पुन्हा जायचं. खरी किंमत उडीची नसते, या फेरीची असते.

आता त्या गायब ओळींचा हिशोब लागतो. फाईलच्या शेवटी लिहायचं तर शेवटचं क्लस्टर माहीत हवं, आणि फोल्डरच्या यादीत फक्त पहिलं असतं. म्हणून फाईल उघडली की दर वेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत साखळी चालायची. लहान यंत्रांत खूप वापरली जाणारी FatFs ही लायब्ररीही शेवटी लिहिण्यासाठी फाईल उघडताना हेच करते.

40 बाइटच्या ओळींनी 32 केबीचं क्लस्टर भरायला 819 सेकंद लागतात, म्हणजे साडेतेरा मिनिटांहून थोडं जास्त. तेवढ्यात कॅमेऱ्याचा एक फोटो येतो आणि पुढची 20 क्लस्टर घेऊन बसतो. म्हणजे नोंदींच्या फाईलचा दर 21 खान्यांत एकच खाना. तक्त्याच्या एका सेक्टरच्या 128 खान्यांत आपले जेमतेम सहा, बाकी फोटोंचे. एक सेक्टर वाचायला एक मिलिसेकंद धरला तर हजार सेक्टर वाचायला एक सेकंद. हजार सेक्टरांत आपले सुमारे 6100 खाने बसतात, आणि तेवढी क्लस्टर भरायला सुमारे 58 दिवस लागतात. त्या दिवसापासून शेवट शोधण्यातच पूर्ण सेकंद जातो, आणि तेवढ्यात पुढची ओळ दारात उभी असते. ओळी गळाल्या नसत्या तर वर्षभरात फाईल 1.26 जीबीची झाली असती, आणि तेव्हा एका ओळीसाठी सहा सेकंदांहून जास्त चालावं लागलं असतं. कॅमेरा नसता, फाईल सलग असती, तर वर्षअखेरीलाही तीनशेच सेक्टर वाचावे लागले असते, एक तृतीयांश सेकंदात काम झालं असतं. कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

वाचताना हाच त्रास वेगळ्या रूपात भेटतो. सगळ्या ओळी सारख्या लांबीच्या आहेत, म्हणून अमुक दिवशी दुपारी तीनची ओळ फाईलमध्ये कितव्या बाइटवर असेल ते गुणाकाराने काढता येतं. मधल्या ओळी गळाल्या असतील तर तोही आधार जातो, आणि वेळ बघत बघत फाईल अर्धी-अर्धी करत शोधावं लागतं. वर्षाच्या तीन कोटी पंधरा लाख ओळींत असे 25 प्रयत्न पुरतात. पण त्यातली प्रत्येक मागची उडी म्हणजे पुन्हा पहिल्या क्लस्टरपासून चालत येणं. पुढची उडी असेल तर FatFs निदान जिथे उभी आहे तिथून पुढे जाते.

यावरूनच दुखणं ओळखताही येतं. फाईलच्या सुरुवातीजवळचा भाग वाचायला किती वेळ लागतो आणि शेवटाजवळचा वाचायला किती, हे मोजा. मग थोडं पुढे आणि तेवढंच मागे जाऊन बघा. शेवट महाग, मागे जाणं महाग आणि पुढे सरकणं स्वस्त, असं दिसलं तर साखळीच आहे. कार्ड खराब होत असेल तर वेळ असा शिस्तीत वाढत नाही. लिनक्सवर `sudo filefrag -v` या आज्ञेने फाईलचे किती तुकडे कुठे पडलेत तेही दिसतं.

उपाय आहेत, पण तक्ता आहे तसाच ठेवून केलेले. FatFs मध्ये फाईल एकदा चालून तिचा नकाशा मेमरीत बनवता येतो: इतकी क्लस्टर सलग, अमुक नंबरपासून. मग उडी मारताना तक्ता बघावा लागत नाही. मात्र नकाशा वापरत असताना फाईल वाढवता येत नाही, त्यामुळे तो वाचणाऱ्याच्या कामाचा, आपल्या नोंद करणाऱ्या यंत्राच्या नाही. शिवाय हजारो तुकड्यांत विखुरलेल्या फाईलचा नकाशाच काही केबींत मावत नाही. फॅटचंच नंतरचं रूप असलेल्या exFAT मध्ये सलग फाईलीवर तशी खूण करता येते. मग साखळी लागतच नाही, पहिल्या नंबरात बेरीज केली की झालं. फाईल तुटली की पुन्हा साखळी आलीच.

युनिक्सच्या परंपरेने मुळातच दुसरा रस्ता धरला. तिथे प्रत्येक फाईलची स्वतःची पत्त्यांची यादी असते, आणि यादी मोठी झाली की याद्यांची यादी. 4 केबीचा ब्लॉक आणि चार बाइटचा पत्ता धरला तर एका ब्लॉकमध्ये 1024 पत्ते मावतात. 4 जीबीच्या फाईलमधला कुठलाही तुकडा शोधायला पत्त्यांचे फार तर दोन ब्लॉक वाचावे लागतात, मग तो पहिला असो की शेवटचा.

खांबावरच्या यंत्राला यातलं काहीच नको. त्याने रोज मध्यरात्री नवी फाईल सुरू करावी. एका दिवसाच्या नोंदी साधारण 3.5 एमबी, म्हणजे 106 क्लस्टर. मधे फोटो पडले तरी तक्त्याचे अठराएक सेक्टर. रात्री बारा वाजले की साखळी पुन्हा एकाच कडीची.