दुसरा व्हॉल्व्ह उघडला की बोर्ड का झोपतो?

रावेरजवळच्या एका केळीच्या मळ्यात ठिबकसाठी घरीच बनवलेला कंट्रोलर बसवला होता. पहिला व्हॉल्व्ह झकास उघडायचा. दुसरा उघडला की स्क्रीन मिणमिणायची, रिले टक्‌ करून सुटायचा आणि बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. दोन दिवस प्रोग्राम तपासण्यात गेले, पण प्रोग्राममध्ये काहीच चूक नव्हती. अडॅप्टर १२ व्होल्टचा होता, पण १ अँपिअरचा.

हिशोब मांडू या. ५ व्होल्टवर चालणारे भाग आधी घेऊ. ESP32 बोर्ड एरवी थोडकाच करंट खातो, पण वायफायवर माहिती पाठवताना क्षणभर उसळी घेतो, म्हणून त्याचे ५०० मिलिअँपिअर धरायचे. दोन रिलेंच्या कॉइलचे प्रत्येकी ७० प्रमाणे १४०, स्क्रीनचे ३० आणि ओलावा मोजणाऱ्या सेन्सरचे १०. झाले ६८०.

हा आकडा १२ व्होल्टच्या बेरजेत तसाच टाकायचा नाही. इथेच बरेच जण फसतात. व्होल्टेज वेगळं असलं की आधी वॅट काढायचे. ०.६८ गुणिले ५ म्हणजे ३.४ वॅट. १२ चे ५ व्होल्ट करणारा बक कन्व्हर्टर थोडी वीज उष्णतेत घालवतो. त्याची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर अडॅप्टरकडून ४ वॅट लागतात. ४ भागिले १२, म्हणजे ०.३३ अँपिअर.

आता व्हॉल्व्ह. त्यांच्यावर १२ व्होल्ट, ४५० मिलिअँपिअर असं छापलं होतं, आणि उघडे असेपर्यंत ते तेवढा करंट ओढतच राहतात. एक उघडला की एकूण पाऊण अँपिअरच्या आसपास, दोन्ही उघडले की १.२३. अडॅप्टर दबतो, व्होल्टेज कोसळतं, बोर्ड बंद पडतो. बोर्ड बंद म्हणून रिले सुटतो, भार उतरतो, व्होल्टेज परत येतं आणि पुन्हा तेच चक्र. व्हॉल्व्ह उघडताना अडॅप्टरच्या टोकांना मल्टिमीटर लावला की आकडा खाली जाताना स्पष्ट दिसतो.

मग दीड अँपिअरचा घ्यावा? नको. अडॅप्टर सतत काठोकाठ चालवू नये. भार त्याच्या क्षमतेच्या साधारण ६५ टक्क्यांत ठेवायचा तर १.२३ ला १.९, म्हणजे २ अँपिअरचा लागेल. सावलीत, घरात तो पुरेल. पण मे महिन्यात रावेरला पारा ४५ च्या आसपास जातो आणि उन्हातला पत्र्याचा डबा त्याहून तापतो. अनेक साध्या अडॅप्टरची पूर्ण क्षमता ४० अंशांपर्यंतच धरलेली असते. पुढे ती कमी होत जाते. म्हणून इथे ३ अँपिअरचा घेतला.

“भाऊ, जास्त अँपिअरचा लावला तर बोर्ड जळणार नाही ना?” मालकाने विचारलं. नाही. अँपिअर अडॅप्टर ढकलत नाही, सर्किट हवा तेवढाच ओढतं. व्होल्ट मात्र तेच हवेत. १२ च्या जागी २४ लावला तर जळेल.

डबा शेडच्या आत, भिंतीच्या सावलीत सरकवला. भर दुपारी दोन वाजता दोन्ही व्हॉल्व्ह उघडे ठेवून मीटर लावला, तर ११.९ व्होल्ट. अडॅप्टर कोमट होता, हात टेकवता येत होता.