बदली झाल्यावर रुजू अहवाल कसा द्यायचा, आणि त्यात कार्यमुक्ती आदेशाचा संदर्भ का लागतो

बदलीचा आदेश हातात पडला की बरेच जण तोच घेऊन नवीन ऑफिसला जातात आणि रुजू अहवालात संदर्भ म्हणून फक्त बदली आदेशाचा नंबर टाकतात. राज्य शासनाच्या नोकरीत पुढचे पगाराचे घोळ बहुतेक इथूनच सुरू होतात. बदली आदेश सांगतो तुम्ही कुठे जायचंय, पण जुन्या ऑफिसनं तुम्हाला नेमकं कधी सोडलं ते फक्त कार्यमुक्ती आदेशात असतं, आणि नवीन ऑफिसची आस्थापना शाखा दिवस मोजते ते त्या तारखेपासून.

तारखेइतकीच महत्त्वाची आहे वेळ, म्हणजे मध्यान्हपूर्व की मध्यान्होत्तर. दुपारनंतर सोडलं तर तो दिवस जुन्या ऑफिसचा धरतात आणि पदग्रहण अवधी, म्हणजे नवीन जागी रुजू व्हायला मिळणारी मुदत, दुसऱ्या दिवसापासून मोजतात, दुपारआधी सोडलं तर त्याच दिवसापासून. आदेशात नुसतीच तारीख असेल तर तिथून निघायच्या आधीच दुरुस्त करून घ्या, एकदा निघालात की त्या एका शब्दासाठी परत खेटे मारावे लागतात.

एक उदाहरण घेऊ. एक कनिष्ठ लिपिक आहे, प्रशासकीय बदली झालीय, त्याच शहरातल्या दुसऱ्या ऑफिसात. बदली आदेश 20 मे 2025 चा, आणि कार्यमुक्त केलं बुधवारी 28 मे ला मध्यान्होत्तर. मुख्यालय बदलत नसल्यामुळे पदग्रहण अवधी एकच दिवस, म्हणजे गुरुवार 29. तो शुक्रवारी 30 ला सकाळी हजर झाला, तर 29 चा दिवस पदग्रहण अवधी म्हणून कर्तव्यातच धरला जातो, काही प्रश्न येत नाही. पण तोच माणूस सोमवारी 2 जूनला उगवला तर 30 तारखेचा हिशोब कोण देणार? रजा मंजूर करून घ्यावी लागते, नाहीतर अनधिकृत गैरहजेरी. आणि बदली स्वतःच्या विनंतीवरून असेल तर हा अवधी मिळतच नाही, मधला दिवस आपल्या रजेतून जातो, हे बऱ्याच जणांना रुजू झाल्यावर कळतं.

आता अहवाल. नवीन कार्यालय प्रमुखांच्या नावे साधा अर्ज असतो, विषय "बदलीनंतर रुजू होणेबाबत". संदर्भात दोन ओळी, पहिली बदली आदेशाचा क्रमांक आणि दिनांक, दुसरी कार्यमुक्ती आदेशाचा. मजकूर साधारण असा:

"उपरोक्त संदर्भ क्र. 1 अन्वये माझी बदली आपल्या कार्यालयात कनिष्ठ लिपिक या पदावर झाली असून, संदर्भ क्र. 2 अन्वये मला दि. 28/05/2025 रोजी मध्यान्होत्तर कार्यमुक्त करण्यात आले आहे. त्यानुसार मी आज दि. 30/05/2025 रोजी मध्यान्हपूर्व रुजू होत आहे. कृपया मला रुजू करून घ्यावे, ही विनंती."

एवढं पुरे. जुन्या साहेबांची तक्रार, घरची अडचण वगैरे काही घालू नका. सोबत दोन्ही आदेशांच्या प्रती जोडा आणि एक प्रत आवक शाखेत देऊन दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. ही पोच म्हणजे तुम्ही त्या दिवशी हजर होतात याचा पुरावा, टेबलावर अर्ज ठेवून आलो असं सांगून भागत नाही.

अंतिम वेतन प्रमाणपत्र, ज्याला सगळे एलपीसीच म्हणतात, ते आणि सेवापुस्तक मागाहून आलं तरी रुजू होता येतं, पण पगार अडतो. सेवार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत जुन्या ऑफिसनं तुम्हाला कार्यमुक्त दाखवून सोडल्याशिवाय नवीन ऑफिस तुम्हाला आपल्या बिलात घेऊ शकत नाही. म्हणून रुजू अहवालाची एक प्रत जुन्या ऑफिसला पण पाठवा. एलपीसीवरची कार्यमुक्तीची तारीख आदेशाशी जुळते का ते मात्र स्वतः बघा, एलपीसीत 27 पर्यंतच पगार दिल्याचं असेल आणि आदेशात 28 मध्यान्होत्तर, तर एक दिवस अधांतरी राहतो.

कधीकधी एकतर्फी कार्यमुक्त करतात, तुम्ही रजेवर असता आणि आदेश मागून मिळतो. तेव्हाही संदर्भ त्याच आदेशाचा द्यायचा, फक्त तो तुम्हाला कोणत्या तारखेला मिळाला ते अहवालात एका वाक्यात लिहा.

सगळ्यात अवघड प्रसंग म्हणजे नवीन ऑफिस म्हणतं जागाच रिकामी नाही, आधीचा माणूस अजून सुटला नाही. अशा वेळी हात हलवत परत फिरू नका. अहवाल आवकला द्याच, पोच घ्या, आणि त्याच दिवशी बदली आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याला लेखी कळवा की मी हजर झालो पण रुजू करून घेतलं नाही. पुढे हे दिवस सक्तीचा प्रतीक्षाधीन कालावधी म्हणून नियमित करायचा प्रस्ताव जातो तेव्हा हीच पोच आणि हेच पत्र मागतात.