लॅपटॉपचा अडॅप्टर चार्जिंग संपल्यावरच का गुणगुणतो?

रात्री सगळं शांत झालं की अडॅप्टरमधून बारीक ‘सूंऽऽ’ ऐकू येतं आणि तो बिघडला असं वाटतं. गंमत म्हणजे हा आवाज बहुधा बॅटरी भरल्यावर, म्हणजे अडॅप्टरवर फारसा भार नसताना येतो.

आतला इलेक्ट्रॉनिक स्विच ट्रान्सफॉर्मरमधला प्रवाह सेकंदाला सुमारे 65,000 वेळा चालू-बंद करतो. प्रत्येक वेळी ट्रान्सफॉर्मरचा फेराइट गाभा चुंबकत्वामुळे अगदी किंचित लांब-आखूड होतो, म्हणजे कंप पावतो. आपला कान सेकंदाला 20,000 कंपनांच्या पुढचं ऐकत नाही, म्हणून भर चार्जिंगमध्ये शांतता असते. बॅटरी भरली की एवढ्या ठोक्यांची गरज उरत नाही. मग नियंत्रक चिप वीज वाचवण्यासाठी थोडे ठोके देते, थांबते, पुन्हा थोडे देते. हे झुबके सेकंदाला काहीशे ते काही हजार वेळा येतात आणि ते नेमके कानाच्या टप्प्यात असतात. सिरॅमिक कपॅसिटरही असेच कंप पावून सूर धरतात. गाभ्याचा गोंद जरा सैल असेल तर आवाज मोठा होतो, पण एवढ्यावरून धोका ठरत नाही.

उष्णतेचा हिशोबही साधा आहे. 65 वॉटचा अडॅप्टर 88 टक्के कार्यक्षम धरला, तर पूर्ण भारावर तो भिंतीतून सुमारे 74 वॉट घेतो. उरलेल्या 9 वॉटची उष्णता होते. आत पंखा नाही, डबी बंद. त्यामुळे बाहेरून 50-60 अंश तापमान होणं नवल नाही. हात टेकवता येतो, फार वेळ धरवत नाही. मात्र उशीखाली किंवा पांघरुणात ठेवला तर ही उष्णता अडकते. तापमान दर 10 अंशांनी वाढलं की आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. ओलं फडकं गुंडाळून तो गार करण्याचा उपाय तर जिवावर बेतू शकतो.

खरा बिघाड ओळखायला एक चाचणी करा. अडॅप्टर लॅपटॉपपासून काढा, भिंतीत तसाच अर्धा तास ठेवा. भाराशिवाय चांगला अडॅप्टर अर्ध्या वॉटहूनही कमी वीज खातो, म्हणून तो जेमतेम कोमट राहायला हवा. तरीही चटका देत असेल तर आत काहीतरी वीज गिळतंय. सेकंदाला एकदा ‘टिक… टिक’ आणि त्याच तालात दिवा लुकलुकत असेल, तर आउटपुट शॉर्ट असावं: अडॅप्टर सुरू होऊ पाहतो आणि संरक्षण त्याला बंद करतं. अडॅप्टर लॅपटॉपला न जोडताही हे चालू राहिलं, तर दोष त्याच्यातच किंवा त्याच्या वायरीत आहे. डबीऐवजी पिनजवळची वायर तापत असेल, तर आतल्या बहुतेक तारा तुटून उरलेल्या दोन-चार तारांवर सगळा प्रवाह येत असावा. जळका वास, फुगलेली किंवा तपकिरी पडलेली डबी, तडतडणारा आवाज यांपैकी काहीही दिसलं तर आधी भिंतीवरचं बटण बंद करा, मग प्लग काढा. तो अडॅप्टर पुन्हा लावू नका.