पाठवतानाचा दर आणि जमा होतानाचा दर

"मी अमेरिकेतून कोल्हापूरच्या खात्यात २,००० डॉलर पाठवले. त्या दिवशी बँकेच्या संकेतस्थळावर ८४.२० रुपये दर होता, मग ८३.६० नेच पैसे का जमा झाले?"

पाठवण्याच्या दिवशीचा दर बँकेला बांधून ठेवतो, हा जुना समज चुकीचा आहे. रक्कम डॉलरमध्ये निघाली असेल, तर ती बँकेच्या हाती आल्यावर परकीय चलन विभाग त्या वेळच्या टीटी खरेदी दराने, म्हणजे परदेशातून बँकेमार्फत आलेले डॉलर बँक ज्या दराने विकत घेते त्या दराने, तिचे रुपये करतो; दर आधी निश्चित करून घेतला नसेल, तर संकेतस्थळावरचा आकडा केवळ सूचक ठरतो, त्यामुळे राजारामपुरीच्या शाखेत हुज्जत घालून उपयोग नाही. इथे साठ पैशांच्या फरकाने १,२०० रुपये कमी झाले. तूट याहून मोठी असेल, तर मधल्या बँकेने डॉलरमध्येच कापलेले शुल्क किंवा रूपांतरावरील जीएसटी तपासावा. शाखेकडून जमा-सूचना मागितल्यास तीत हाती आलेले डॉलर, लावलेला दर आणि तारीख पाहता येते.