व्हॉट्सॲपची 2021 ची ती नोटीस: नक्की काय बदललं, काय मान्य करावं लागत होतं आणि कशाला नाही म्हणता येत होतं

जानेवारी 2021 मध्ये व्हॉट्सॲप उघडलं की हिरव्या बटणाची एक खिडकी यायची, ती बहुतेकांनी न वाचता दाबून टाकली, उरलेल्यांनी घाबरून सिग्नल नाहीतर टेलिग्राम टाकलं आणि पंधरा दिवसांत परत आले, कारण सगळं खानदान इकडेच. पण टर्म्स बदलल्याची नोटीस वाचायची कशी हे शिकायला याच्यापेक्षा चांगलं उदाहरण सापडणार नाही, म्हणून तीच सावकाश उलगडतो.

आधी खिडकीत लिहिलं काय होतं ते बघा. महत्त्वाचे बदल म्हणून तीन ओळी होत्या. एक, व्हॉट्सॲपची सेवा आणि तुमचा डेटा आम्ही कसा हाताळतो याची जास्त माहिती. दोन, बिझनेसवाले त्यांचे चॅट साठवायला आणि सांभाळायला फेसबुकची होस्टिंग सेवा कशी वापरू शकतात. तीन, फेसबुकच्या बाकी प्रॉडक्टशी जोडणी देण्यासाठी आम्ही फेसबुकबरोबर कसं काम करतो. त्याखाली तारीख, 8 फेब्रुवारी 2021, आणि त्या तारखेनंतर व्हॉट्सॲप वापरत राहायचं तर हे मान्य करावं लागेल असं स्पष्ट वाक्य, त्यालाच लागून अकाउंट डिलीट करायचं असेल तर हेल्प सेंटर बघा अशी सूचना. मोठं बटण AGREE, आणि बाजूला बारीक NOT NOW.

आता NOT NOW म्हणजे नकार नव्हे हो. तो फक्त पुढे ढकलणं आहे, खिडकी परत येणारच. नोटिशीत नाही म्हणायची जागा एकच होती, अकाउंट डिलीट करा. कुठलीही नोटीस आली की पहिलं हेच बघायचं, नाही म्हणायचं बटण खरंच आहे का नुसतं नंतर बघू म्हणायचं.

बदललं काय हे नोटिशीवरून कळत नाही, कारण 'जास्त माहिती' या शब्दांत नवं आणि जुनं एकत्र घोळून दिलेलं असतं. त्यासाठी जुनी पॉलिसी शेजारी ठेवावी लागते. व्हॉट्सॲपच्या आधीच्या पॉलिसीवर 20 जुलै 2020 ही तारीख होती आणि जुन्या आवृत्त्या ते आपल्या साइटवर ठेवतात. दोन्ही शेजारी लावल्या की तीन गोष्टी दिसतात.

पहिली म्हणजे जे सगळ्यांनी नवं समजून आरडाओरडा केला ते नवं नव्हतंच. तुमचा फोन नंबर, फोनचं मॉडेल, आयपी ॲड्रेस, ॲप कधी आणि किती वापरता असली माहिती फेसबुकला देणं 2016 च्या ऑगस्टपासून चालू होतं. त्या वेळी जुन्या युजरांना 30 दिवस दिले होते, सेटिंगमध्ये जाऊन 'माझी अकाउंटची माहिती फेसबुकच्या जाहिरातींसाठी वापरू नका' असं सांगायला. किती जणांनी ते केलं असेल, तुम्हीच विचार करा.

दुसरी गोष्ट नोटिशीत लिहिलीच नव्हती, आणि माझ्या मते खरी बातमी तीच होती. 2020 च्या मजकुरात त्या 30 दिवसांच्या निवडीचा उल्लेख होता, 2021 च्या मजकुरात ते वाक्य गायब. म्हणजे बदल काहीतरी वाढवण्यात नव्हता, काढून टाकण्यात होता. नोटिशीत वाढवलेलं सांगतात, काढलेलं कोण सांगतं. 2016 मध्ये ज्यांनी नाही म्हटलं होतं त्यांचा नकार आम्ही पाळू असं कंपनीने नंतर सांगितलं, पण ज्यांनी तेव्हा काही केलं नव्हतं त्यांच्यासाठी दार बंद.

तिसरी गोष्ट खरोखर नवी, बिझनेस चॅट. तुमचे घरच्यांशी, मित्रांशी होणारे मेसेज आणि कॉल एंड टू एंड एन्क्रिप्टेड होते आणि तसेच राहिले, ते फेसबुक वाचणार असली भीती निराधार होती. पण तुम्ही एखाद्या कंपनीला मेसेज केला आणि ती कंपनी तिचे चॅट फेसबुकच्या सर्व्हरवर सांभाळत असेल, तर तिच्यापर्यंत पोचल्यावर तो मेसेज तिच्या ताब्यात असतो आणि ती तो स्वतःच्या मार्केटिंगला वापरू शकते, त्यात फेसबुकवरच्या जाहिरातीही आल्या. अशा चॅटच्या वरच तशी पट्टी येते, हा व्यवसाय चॅट सांभाळण्यासाठी फेसबुकची सेवा वापरतो अशा अर्थाची. आता तिथे मेटाचं नाव दिसतं, फेसबुक कंपनीने आपलं नाव बदलून मेटा केलं म्हणून.

आता पात्रता, म्हणजे ही नोटीस लागू कुणाला. भारतात वय किमान 13 हवं, ते आधीपासूनच होतं. भारतात राहणाऱ्याचा करार अमेरिकेतल्या व्हॉट्सॲप एलएलसीशी, आणि युरोपियन युनियनमध्ये राहणाऱ्याचा आयर्लंडमधल्या कंपनीशी. म्हणून तुमचा भाऊ जर्मनीत असेल तर त्याला पण खिडकी आली असणार, पण तिकडची पॉलिसी वेगळी, तिकडच्या कायद्यामुळे व्हॉट्सॲपचा डेटा फेसबुकने स्वतःच्या जाहिरातींसाठी वापरायचा नाही अशी स्थिती. एकाच फॅमिली ग्रुपवरच्या दोघांना सारखीच खिडकी आणि मागचा करार वेगळा, हे आपल्याकडे फार लोकांना खटकलं, आणि बरोबरच खटकलं.

कागदपत्रं? काहीही नाही. आधार नाही, पॅन नाही, ओटीपी कुणाला सांगायचा नाही. ॲपमधली खिडकी सोडून बाहेरून लिंक आली, 'पॉलिसी अपडेट करण्यासाठी व्हेरिफाय करा' वगैरे, तर ती फसवणूकच. आणि हो, 'मी माझा डेटा वापरायची परवानगी देत नाही' असं स्टेटस ठेवून काहीही होत नाही, करार बटण दाबून होतो, स्टेटस ठेवून मोडत नाही.

एक केस घेऊ. समजा सांगलीच्या एक काकू आहेत. त्यांचं व्हॉट्सॲप 2014 पासूनचं, त्याच नंबरवर फेसबुक आहे, भिशीचा ग्रुप आहे, एका बँकेचं व्हॉट्सॲप खातं त्या बॅलन्स बघायला वापरतात, आणि पैसे पाठवायला व्हॉट्सॲप पे चालू करायचं मनात आहे. त्यांनी जानेवारीत AGREE दाबलं.

भिशीच्या ग्रुपमध्ये काडीचा फरक पडला नाही. फेसबुकला जाणारी माहिती 2016 पासून जातच होती, फक्त आता मागे फिरायची वाट मजकुरात राहिली नाही. 2016 मध्ये मुलाने सेटिंगमध्ये जाऊन नकार दिला होता का हे आठवत नसेल, तर Settings > Account > Request account info इथून रिपोर्ट मागवायचा, तो साधारण 3 दिवसांत तयार होतो, त्यात अकाउंटची नोंद बघता येते. रिपोर्टमध्ये मेसेज नसतात, तेव्हा तो उघडून चॅट शोधू नका. बँकेच्या चॅटवर ती पट्टी आहे का बघायचं, असेल आणि नको असेल तर बॅलन्स मिस्ड कॉलने किंवा बँकेच्या ॲपवरून बघायचा, बँकेचं ते व्हॉट्सॲप खातं ब्लॉक करून टाकायचं. बिझनेसशी बोलणं ऐच्छिक होतं आणि आहे. आणि पैशांचं म्हणाल तर AGREE दाबल्याने पेमेंट चालू होत नाही, त्याच्या अटी वेगळ्या, स्क्रीन वेगळी, तिथे बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर लागतो, आणि ते कधीच चालू केलं नाही तरी चॅट चालूच राहतं. तसंच गुगल ड्राइव्हवरचा बॅकअप, लोकेशन, या प्रत्येकाला वेगळं नाही म्हणता येतं, या अपडेटशी त्यांचा संबंध नाही.

म्हणजे काकूंनी सक्तीने मान्य केलेला गठ्ठा एकच, मूळ टर्म्स आणि प्रायव्हसी पॉलिसी, अख्खी. त्यातलं अर्धं घेतो अर्धं नको असं चालत नव्हतं.

आता काकूंच्या जाऊबाईंचं बघा, त्या दर वेळी NOT NOW दाबत राहिल्या. त्यांचं काय झालं? काही नाही झालं, आणि गंमत इथेच आहे. ओरड झाल्यावर 15 जानेवारीला कंपनीने मुदत 15 मे 2021 वर नेली. केंद्राच्या आयटी मंत्रालयाने पॉलिसी मागे घ्या असं पत्र पाठवलं. मे मध्ये कंपनी म्हणाली की अकाउंट डिलीट होणार नाही पण आठवण सतत येईल, मग चॅटची यादी दिसणार नाही, फक्त आलेले कॉल आणि नोटिफिकेशनवरून उत्तर देता येईल, पुढे तेही बंद. महिना संपायच्या आत तेही मागे घेतलं, कुणाचीही सुविधा कमी करायचा सध्या विचार नाही म्हणाले. जुलैमध्ये दिल्ली हायकोर्टात सांगितलं की डेटा संरक्षण कायदा येईपर्यंत आम्ही कुणाला भाग पाडणार नाही, आठवण मात्र दाखवत राहू, आणि कुणी फेसबुकची मदत घेणाऱ्या बिझनेसशी बोलणं असली ऐच्छिक सोय वापरायला गेलं तर तिथे विचारू. 1 फेब्रुवारी 2023 ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने हे म्हणणं नोंदवून घेतलं आणि पाच राष्ट्रीय वर्तमानपत्रांत दोनदा पानभर जाहिरात द्यायला लावली, की व्हॉट्सॲप वापरायला 2021 ची पॉलिसी मान्य करायची सध्या गरज नाही. नवीन नंबरने अकाउंट उघडणाऱ्याला हा फायदा नाही, त्याला सुरुवातीलाच चालू टर्म्स मान्य कराव्या लागतात.

म्हणून नोटिशीवरची मुदत आणि प्रत्यक्षातली मुदत यात फरक पडू शकतो, पहिल्या दिवशी घाईने बटण दाबायची गरज नसते, शेवटच्या दोन दिवसांत दाबलं तरी चालतं. दर वेळी असंच मागे घेतील याची खात्री मात्र धरू नका, इथे कोर्ट, सरकार आणि स्पर्धा आयोग तिघेही मागे लागले होते.

स्पर्धा आयोगाने मार्च 2021 मध्ये स्वतःहून चौकशी लावली. 18 नोव्हेंबर 2024 ला मेटाला 213.14 कोटींचा दंड केला, मुद्दा हाच, की घ्या नाहीतर चालते व्हा अशा पद्धतीने संमती घेतली. जाहिरातींसाठी डेटा देण्यावर 5 वर्षांची बंदीही घातली होती. अपिलात एनसीएलएटी या अपील न्यायाधिकरणाने नोव्हेंबर 2025 मध्ये दंड कायम ठेवला पण ती बंदी काढली.

आणि कुणाला खरंच सोडायचं असेल तर, ॲप अनइन्स्टॉल करणं म्हणजे अकाउंट डिलीट करणं नव्हे, आपल्याकडे हा घोळ सर्रास होतो. Settings > Account > Delete my account मध्ये जाऊन नंबर टाकावा लागतो, त्याच्याआधी हवे ते चॅट एक्सपोर्ट करून घ्या, कारण डिलीट केल्यावर सगळ्या ग्रुपमधून नाव जातं, व्हॉट्सॲपचा गुगल ड्राइव्हवरचा बॅकअपही जातो आणि परत आणता येत नाही.