मानेतील लसीका ग्रंथींची सूज

घसा दुखायला लागला की जबड्याच्या कोनाखाली वाटाण्याएवढी हुळहुळी गाठ हाताला लागते. ही लसीका ग्रंथी. शरीरात अशा सुमारे 600 ग्रंथी असतात आणि त्यांतल्या बऱ्याचशा एकट्या मानेत आहेत. पायाला जखम झाल्यावर जांघेत येणारे अवधाण हीसुद्धा अशीच सूज.

ग्रंथी सुजली म्हणजे तिच्यात पू झाला, असा समज असतो. तसे क्वचितच घडते. बहुतेक वेळा ग्रंथी फुगते ती शरीराच्या स्वतःच्याच पेशींनी. घशाच्या ऊतींमधून झिरपलेला द्रव, म्हणजे लसीका, या ग्रंथीतून गाळला जातो. संसर्ग झाला की डेंड्रिटिक पेशी, म्हणजे ऊतींमध्ये पहारा देणाऱ्या संरक्षक पेशी, जंतूंचे तुकडे घेऊन इथे येतात. एरवी लसीकापेशी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, रक्तातून ग्रंथीत शिरतात, काही तास फिरतात आणि निघून जातात. आता आत येणारा रक्तपुरवठा वाढतो आणि बाहेरची वाट एक-दोन दिवस जवळजवळ बंद होते. अडकलेल्या असंख्य पेशींपैकी ज्या थोड्या त्या जंतूला नेमके ओळखतात, त्या भराभर विभागू लागतात. एका पेशीचे दहा वेळा विभाजन झाले की हजाराहून जास्त पेशी होतात, आणि याला जेमतेम चार-पाच दिवस लागतात.

ग्रंथीभोवतीचे आवरण मात्र इतक्या लवकर सैल होत नाही. ते ताणले जाते, म्हणून गाठ दुखते. दुखणे ही सूज झपाट्याने वाढल्याची खूण आहे. इथेच लोकांची मोठी फसगत होते: दुखत नाही म्हणून गाठ साधी, असे मानले जाते. खरे तर सावकाश वाढणारी गाठ आवरणाला सवड देते, त्यामुळे ती दुखत नाही. आणि कर्करोगाची गाठ बहुधा अशीच वाढते.

संसर्गाची सूज साधारण दोन-तीन आठवड्यांत ओसरते. लहान मुलांत मागे एखादी छोटी, मऊ, बोटाखाली सरकणारी गाठ महिनोन्‌महिने राहते. ती वाढत नसेल तर काळजीचे कारण नसते. पण संसर्गाचे कारण दिसत नसताना गाठ दोन-तीन आठवड्यांहून जास्त टिकली, दीड सेंटिमीटरपेक्षा मोठी असली, कडक लागली किंवा खालच्या भागाला चिकटून हलेनाशी झाली, तर तपासणी हवीच. गळपट्टीच्या हाडावरच्या खळग्यातली गाठ तर आकार न पाहता तपासावी. डाव्या बाजूच्या या ग्रंथीजवळ पोटाकडून येणारी मुख्य लसीकावाहिनी शिरेला मिळते, त्यामुळे जठराच्या कर्करोगाचा पहिला पत्ता कधीकधी इथेच लागतो. रात्री कपडे भिजवणारा घाम, रेंगाळणारा ताप आणि कारणाशिवाय उतरलेले वजन यांनी संशय आणखी वाढतो.

एक नमुन्याचे उदाहरण घेऊ. बावन्न वर्षांचा माणूस, जबड्याखाली उजवीकडे सुपारीएवढी गाठ, सहा आठवडे झाले तरी तशीच. ताप नाही, दुखत नाही. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, फरक नाही. आधी तोंड, जिभेचे मूळ, टॉन्सिल आणि स्वरयंत्र दुर्बिणीने पाहिले जाते, कारण कान दुखणे, आवाज बसणे किंवा गिळताना अडकणे अशा तक्रारी नसल्या तरी मूळ गाठ तिथे लपलेली असू शकते. सोनोग्राफीत निरोगी ग्रंथी घेवड्याच्या दाण्यासारखी लांबट दिसते आणि मध्ये तिचा गाभा उजळ दिसतो. या माणसाची गाठ गोल आहे, गाभा नाहीसा झाला आहे आणि आत पाण्याची पोकळी आहे. मग बारीक सुईने पेशी काढतात. अहवाल येतो: फक्त द्रव, कर्करोगाच्या पेशी नाहीत. इथे थांबणे ही चूक ठरेल. एचपीव्ही या विषाणूमुळे होणाऱ्या टॉन्सिलच्या कर्करोगात मानेतली गाठ अनेकदा अशीच पाणीदार असते आणि सुई नेमकी पोकळीत जाते. सोनोग्राफीत पाहत, पोकळीच्या भिंतीतून पुन्हा नमुना घ्यावा लागतो. या वयात मानेतली पाणीदार गाठ जन्मजात आहे असे आधी सिद्ध व्हावे लागते, गृहीत धरता येत नाही.

क्षयाची गाठ, म्हणजे जुन्या बोलीतली गंडमाळ, वेगळी वागते. एकमेकींना चिकटलेल्या अनेक ग्रंथी, हळूहळू मऊ पडून त्वचेतून फुटणाऱ्या. तिच्या नमुन्याची क्षयजंतूंसाठी जनुकीय चाचणी करतात.

लिम्फोमाचा, म्हणजे लसीकापेशींच्याच कर्करोगाचा, संशय असेल तर सुईवर भागत नाही. पेशींची मांडणी पाहायची असल्याने अखंड ग्रंथी काढून तपासणे उत्तम. त्याआधी स्टेरॉइड देऊ नये, कारण त्याने गाठ काही दिवसांत विरघळल्यासारखी होते, रुग्णाला बरे वाटते, आणि निदानासाठी लागणाऱ्या पेशी नमुन्यात सापडतच नाहीत.