शाखेतून पार्सल सोडवणे

कुरियरने आलेले पार्सल घरपोच न मिळता तालुक्याच्या किंवा जवळच्या बाजारपेठेच्या गावी असलेल्या शाखेत जाऊन ताब्यात घेणे, याला ग्रामीण महाराष्ट्रात ‘पार्सल सोडवणे’ असे म्हणतात. शब्द जुना आहे. रेल्वेच्या मालधक्क्यावरून, एसटीच्या पार्सल कचेरीतून किंवा ट्रान्सपोर्टच्या गोदामातून बिल्टी दाखवून माल सोडवत, तेव्हापासून तो चालत आला. फरक एवढाच की त्या मालाने घरी येण्याचे वचन कधी दिले नव्हते. आजच्या पार्सलने ते दिलेले असते आणि त्या वचनाचा आधार पिनकोड असतो. त्यामुळे पिनकोड नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे आधी समजून घ्यावे लागते.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याची आखणी दळणवळण मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी केली. सारख्या नावांची गावे आणि वेगवेगळ्या लिपींतले पत्ते यांमुळे पत्रांची वर्गवारी करताना घोटाळे होत, ते टाळणे हा त्यामागचा हेतू होता. सहा अंकांपैकी पहिला अंक विभाग दाखवतो, पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन अंक पत्र वाटणाऱ्या डाकघराकडे नेतात. हा ‘वर्गवारीचा जिल्हा’ म्हणजे महसुली जिल्हा नव्हे. सातारा शहर ४१५००१ असले तरी त्याच जिल्ह्यातले महाबळेश्वर ४१२८०६ आहे. रत्नागिरी जिल्ह्यातले चिपळूण ४१५६०५ आहे, म्हणजे पहिल्या तीन अंकांत ते घाटावरच्या साताऱ्याशी जुळते, तर त्याच जिल्ह्यातले राजापूर ४१६७०२ असल्याने कोल्हापूरशी जुळते. टपालाच्या थैल्या ज्या वाटेने जात, ती वाट या आकड्यांत उतरली आहे. पिनकोड हा भूभागाचा नकाशा नाही, तो टपालाच्या वाटपाचा हिशेब आहे.

गावाकडे तर एक पिनकोड एका गावाचा क्वचितच असतो. उप-डाकघराच्या हाताखाली अनेक शाखा डाकघरे असतात आणि एकेका शाखा डाकघराकडे आजूबाजूची गावे, वाड्या. या सगळ्यांचा पिनकोड बहुधा एकच असतो. मराठी पत्त्यात ‘मु.’ आणि ‘पो.’ वेगळे लिहितात ते याचसाठी. ज्या गावातच डाकघर आहे तिथला माणूस ‘मु. पो.’ असे जोडून लिहितो. ज्याचे डाकघर शेजारच्या गावी आहे तो मुक्काम एक आणि पोस्ट दुसरे लिहितो. पत्राचा शेवटचा टप्पा या दोन अक्षरांवर चालतो. पिनकोड थैलीला उप-डाकघरापर्यंत आणतो, ‘पो.’ तिला शाखा डाकघरापर्यंत नेतो आणि ‘मु.’ वाचून ग्रामीण डाकसेवक वाडी गाठतो. डाकसेवकाची नोकरी दिवसाकाठी चार-पाच तासांची असते. तो त्याच पंचक्रोशीत राहतो आणि आडनावाआधी घर ओळखतो.

खासगी कुरियर कंपन्यांनी यातला सहा अंकी आकडा तेवढा घेतला. डाकसेवक त्यांच्याकडे नाही आणि ‘पो.’साठी त्यांच्या पत्त्याच्या फॉर्ममध्ये रकानाही नाही. तिथे फ्लॅट नंबर, सोसायटी, एरिया आणि लँडमार्क विचारतात. कंपनी पिनकोडांची यादी ठेवते. यादीत पिनकोड असला की संकेतस्थळ ‘डिलिव्हरी उपलब्ध’ म्हणून हिरवी खूण दाखवते. पण तो पिनकोड यादीत येतो तो बहुतेकदा तालुक्याच्या गावी शाखा किंवा फ्रँचायझी आहे म्हणून. त्याच आकड्याखालच्या तीस किलोमीटरवरच्या वाडीपर्यंत कोणी जाते का, हा प्रश्न यादीला पडतच नाही. काही कंपन्या अशा गावांना ‘ओडीए’, म्हणजे वितरण क्षेत्राबाहेरचे, असे ठरवून जादा आकार लावतात किंवा वेळ वाढवून सांगतात. हे निदान प्रामाणिक आहे. हिरवी खूण दाखवून पैसे घेणे आणि मग शाखेत बोलावणे हे तसे नाही, आणि ग्रामीण ग्राहकाची खरी तक्रार तीच आहे.

एक उदाहरण पूर्ण पाहू. समजा, पाटण तालुक्यात डोंगराकडेच्या एका वाडीतल्या बाईंनी मिक्सर मागवला. पाटणचा पिनकोड ४१५२०६. वाडी पाटणपासून २२ किलोमीटरवर, पण पिनकोड तोच, त्यामुळे संकेतस्थळाने गुरुवारची तारीख दिली. मिक्सर भिवंडीच्या गोदामातून निघाला, पुण्याच्या हबमध्ये वर्गवारी झाली, कराडला उतरला आणि गुरुवारी सकाळी छोट्या टेम्पोतून पाटणच्या फ्रँचायझीत पोहोचला. इथवर सगळे वेळेवर झाले. फ्रँचायझीत सकाळी पार्सले स्कॅन होतात, मुलगा ती बॅगेत भरतो आणि अकराच्या सुमारास मोटारसायकलवर निघतो. त्याला किंवा त्याच्या मालकाला दर पार्सलमागे ठरलेली रक्कम मिळते. ते बाजारपेठेत पोहोचवले काय किंवा २२ किलोमीटरवर, रक्कम बहुधा तीच. जाऊन-येऊन ४४ किलोमीटर म्हणजे पाऊण-एक लिटर पेट्रोल आणि घाटरस्त्याने दोन तास. त्या वाडीकडचे पार्सल एकच असेल तर फेरी तोट्यात जाते. चार-पाच जमली तर परवडते. म्हणून तो एक तर पार्सले साठेपर्यंत थांबतो किंवा फोन करून म्हणतो, “ताई, पाटणला कुणी येणार असेल तर ऑफिसमधून घेऊन जा.”

फोन लागला तर गोष्ट सोपी होते. डोंगराच्या कुशीतल्या वाडीत रेंज मात्र बहुतेकदा घरात नसते. मळ्यात किंवा देवळाजवळच्या चढावर असते. फोन लागला नाही की मुलगा यंत्रात कारण नोंदवतो: ‘ग्राहक उपलब्ध नाही’ किंवा ‘पत्ता अपुरा’. संध्याकाळी ग्राहकाला तोच संदेश मिळतो, तोही रेंजमध्ये आल्यावर. अशा तीन नोंदी झाल्या की बहुतेक कंपन्यांत पार्सल परतीच्या वाटेला लागते. ट्रॅकिंगमध्ये `RTO` दिसू लागते. एकदा ते शाखेतून परत निघाले की स्थानिक माणसाच्या हातात काही उरत नाही. ते विक्रेत्याकडे पोहोचते आणि पैसे आधी भरले असतील तर परतावा त्यानंतरच सुरू होतो.

नोंद खरी की खोटी, हे ट्रॅकिंग नीट वाचले तर बरेचसे कळते. सकाळी `Out for Delivery` लागले, दिवसभर एकही फोन किंवा मिस कॉल नाही, आणि रात्री सात-आठच्या सुमारास ‘ग्राहक उपलब्ध नाही’ पडले, तर मुलगा वाडीकडे फिरकलाच नसण्याची शक्यता मोठी. दिवसाचा हिशेब बंद करताना उरलेल्या सगळ्या पार्सलांना एकदम कारणे दिली जातात. तिन्ही दिवस नोंदीची वेळ जवळजवळ एकच असेल तर शंका घ्यायला फारशी जागा राहत नाही. उलट दुपारी नोंद झाली असेल आणि आधी अनोळखी क्रमांकावरून मिस कॉल आला असेल, तर प्रयत्न खरा होता असे धरावे. त्या क्रमांकावर लगेच उलट फोन करणे हे ग्राहक सेवेच्या टोल फ्री क्रमांकावर अर्धा तास थांबण्यापेक्षा कितीतरी उपयोगी ठरते. तक्रार करायचीच असेल तर विक्रेत्याकडे करावी, कारण कुरियरचा करार त्याच्याशी असतो. तिन्ही नोंदींचे वेळेसकट स्क्रीनशॉट जोडले तर तक्रारीला वजन येते.

पहिली चुकीची नोंद दिसताच शाखेत जाणे चांगले, तिसऱ्याची वाट पाहू नये. पण कधी जायचे हेही महत्त्वाचे आहे, आणि फेऱ्या फुकट जातात त्या इथेच. दुपारी शाखेत गेल्यास पार्सल तिथे नसतेच. ते मुलाच्या बॅगेत गावोगाव फिरत असते. सकाळी स्कॅनिंग झाल्यावर पण मुलगा निघण्याआधी, किंवा तो परतल्यावर संध्याकाळी, या दोनच वेळा खात्रीच्या. संध्याकाळची वेळ वाडीकडे परतणाऱ्या शेवटच्या एसटीशी जुळत नाही, म्हणून सकाळच बरी. आदल्या दिवशी फोन करून ट्रॅकिंग क्रमांकाचे शेवटचे चार अंक सांगावेत आणि ‘उद्या घ्यायला येतोय, बाजूला काढून ठेवा’ असे सांगून ठेवावे. तसे सांगितले की ते पार्सल मुलाच्या बॅगेत न जाता शाखेतच थांबते. बहुतेक जण बाजाराच्या दिवशी जातात, तेव्हा शाखेत गर्दी असते हे धरून चालावे.

शाखेत मूळ ओळखपत्र दाखवावे लागते आणि बऱ्याच पार्सलांना मोबाईलवर आलेला ओटीपी सांगावा लागतो. पैसे द्यायचे असतील तर रोख किंवा यूपीआय चालते. घरपोच न दिल्याबद्दल किंवा पार्सल ठेवून घेतल्याबद्दल कोणी वर वीस-तीस रुपये मागितले, तर ते कोणत्या आकारणीचे हे विचारावे आणि पावती मागावी. पावती म्हटल्यावर मागणी सहसा मागे पडते. ओटीपी सांगण्याआधी खोक्याची चिकटपट्टी पाहून घ्यावी. ती दुहेरी लावलेली, फाटलेली किंवा वेगळ्या रंगाची असेल तर तिथेच फोटो काढावा. एकदा ओटीपी सांगितला की कंपनीच्या लेखी पार्सल सुस्थितीत मिळालेले असते.

स्वतः जाता येत नसेल तर वडापवाल्याकडे, दूधगाडीवाल्याकडे किंवा तालुक्याला शिकायला जाणाऱ्या मुलाकडे हे काम जाते. त्याच्याकडे ओळखपत्राची प्रत द्यावी, ओटीपी आधी देऊ नये. तो शाखेत उभा राहून फोन करील तेव्हा, पार्सल पाहिल्यानंतर, तो सांगावा. त्या वेळी स्वतः रेंजमध्ये असावे लागते, म्हणून वेळ ठरवूनच पाठवणे चांगले. यावर गावोगाव निघालेला दुसरा तोडगा असा, की पत्ताच बाजारपेठेतल्या ओळखीच्या दुकानाचा द्यायचा: ‘मार्फत’ लिहून दुकानाचे नाव, आणि फोन क्रमांक दुकानदाराचा. पत्त्याच्या ओळीत त्याच्याच क्रमांकाची भर घातली तरी बरेच काम होते, कारण त्याचा फोन लागतो.

टपाल खात्याचा मार्ग अजून वेगळा आहे. स्पीड पोस्टचे पार्सल शाखा डाकघरापर्यंत जाते आणि घर बंद असल्यास डाकसेवक सूचना ठेवतो. त्यानंतर ते साधारण सात दिवस डाकघरात थांबते. ओळखपत्र दाखवून किंवा सहीचे अधिकारपत्र देऊन माणूस पाठवून ते घेता येते. घरगुती विक्रेते अनेकदा ‘कुरियर की पोस्ट?’ असे विचारतात. आडवळणाच्या गावासाठी उत्तर ‘पोस्ट’ असावे, चार दिवस जास्त लागले तरी. मात्र पासपोर्टसारखा टपालाचा लिफाफा दुसऱ्या कोणाच्या हाती दिला जात नाही. तो अर्जदारालाच मिळतो, त्यामुळे तिथे वडापवाला उपयोगाचा नाही.

मे २०२५ मध्ये टपाल खात्याने ‘डिजिपिन’ ही दहा अक्षर-अंकी खूण आणली. ती सुमारे चार बाय चार मीटरच्या चौकोनापर्यंत जागा दाखवते, म्हणजे वाडीतले नेमके घर. पत्ता अपुरा हे कारण त्यामुळे उरणार नाही. २२ किलोमीटरवरच्या वाडीच्या फेरीचे पेट्रोल कोण भरणार, हा प्रश्न मात्र त्या खुणेच्या कक्षेबाहेरचा आहे.